३६० फीडबॅकमध्ये चांगल्या सहकाऱ्याची उणीव कशी लिहायची?

प्रश्न: आमच्याकडे पहिल्यांदाच ३६० अंश फीडबॅक घेताहेत, म्हणजे प्रत्येकाबद्दल त्याचे वरिष्ठ, बरोबरीचे आणि हाताखालचे असे सगळेच लिहिणार. माझ्या बरोबरीच्या एका सहकाऱ्याबद्दल मला लिहायचंय. काम उत्तम करतो, माणूसही चांगला आहे. पण काम अडकलंय हे शेवटच्या क्षणापर्यंत सांगत नाही आणि मग आमची सगळ्यांची धावपळ होते. स्पष्ट लिहिलं तर तो दुखावेल, गोडगोड लिहिलं तर लिहून उपयोग काय? नाव गुप्त राहील म्हणतात, पण त्याच्याबद्दल लिहिणारे आम्ही चौघंच आहोत. कसं लिहू?

उत्तर:

गेली पंधरा-सोळा वर्षं मी या प्रक्रियेच्या दुसऱ्या टोकाला काम करते. म्हणजे रिपोर्ट तयार झाला की ज्याच्याबद्दल तो आहे त्याच्यासमोर बसायचं आणि त्याला तो वाचायला मदत करायची. त्यामुळे लिहिणाऱ्यांपेक्षा वाचणारेच मी जास्त पाहिलेत. रिपोर्ट हातात आला की बहुतेक माणसं एकच करतात. आकड्यांची पानं भराभर उलटतात आणि शेवटी जिथे लोकांच्या शब्दांतल्या कमेंट असतात तिथे येऊन थांबतात. पहिली दहा मिनिटं ‘हे कोणी लिहिलं असेल’ यात जातात. त्यानंतर कुठे ‘काय लिहिलंय’ याकडे लक्ष वळतं, आणि त्या वेळी समोर जर ‘संवाद सुधारायला हवा’ एवढंच असेल, तर वळलेलं लक्ष वाया जातं.

तुम्ही स्पष्ट आणि गोड अशी दोन टोकं धरली आहेत. मला ती एकाच जातीची वाटतात. ‘बेजबाबदार आहे, डेडलाइनचं गांभीर्य नाही’ हा शेरा आहे आणि ‘अतिशय मेहनती, टीमचा आधारस्तंभ’ हाही शेराच आहे. दोन्हींत माणसाचा निकाल लावलाय आणि दोन्हींत तुम्ही काय पाहिलंत ते कुठेच नाही. खुपतं ते कडक शब्दांपेक्षा या निकालामुळे. सूर हळुवार करायच्या खटपटीत लोक तोच निकाल ‘जरा’, ‘थोडंसं’, ‘कधीकधी’ अशा शब्दांत गुंडाळतात. वाचणाऱ्याला निकाल कळतोच, पुरावा मात्र मिळत नाही. तेव्हा सुराची चिंता काही वेळ बाजूला ठेवा. तुमच्या जागेवरून जे दिसतं आणि त्याला स्वतःला दिसत नाही, ते त्याला दिसेल असं मांडायचं, हे तुमचं काम आहे. बरोबरीच्या माणसांना विचारतात ते याचसाठी. मॅनेजरला काम पूर्ण झालं की नाही ते दिसतं, ते कसं पूर्ण झालं ते शेजारच्यांना दिसतं.

एक प्रकरण सांगते, तुमच्याशी बरंच जुळणारं आहे. हाही असाच हुशार, कामाला पक्का माणूस. त्याच्या रिपोर्टमध्ये तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं होतं की याचं कम्युनिकेशन कमी पडतं. तिघांच्याही मनात तुमचीच तक्रार होती, काम अडकलंय हे हा वेळेत सांगत नाही. पण लिहिलं कोणीच नव्हतं. त्याने ते वाचलं, मनावर घेतलं आणि त्याला समजलं ते असं, की आपण मीटिंगमध्ये गप्प असतो, आपले मेल त्रोटक असतात. पुढचं वर्षभर तो प्रत्येक मीटिंगमध्ये बोलायला लागला, लांबलचक मेल लिहायला लागला, चार जादा माणसांना कॉपीत ठेवायला लागला. काम अडलेलं मात्र शेवटच्या दिवशीच सांगत राहिला, कारण ते बदलायचंय हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये पुन्हा ‘कम्युनिकेशन’ आलं आणि सोबत ‘मेल फार पाठवतो’ हेही आलं. तो माझ्यासमोर बसून म्हणाला, “मॅडम, आता मी आणखी काय करू?” त्याचा राग रास्त होता. त्याला दुखवायचं नाही म्हणून तिघांनी मोघम लिहिलं आणि त्याचं एक वर्ष खर्ची पडलं.

आता तुमच्या लिखाणाकडे. त्याआधी तीन गोष्टी एचआरला विचारून घ्या, कारण काय आणि किती लिहावं हे त्यांवर अवलंबून आहे. पहिली, हा रिपोर्ट फक्त त्याच्या सुधारणेसाठी आहे की पगारवाढ आणि बढतीच्या निर्णयातही वापरणार? दुसरी, कमेंट जशाच्या तशा छापणार की कोणीतरी सारांश काढणार? तिसरी, लिहिणाऱ्यांच्या गटात किमान किती उत्तरं आली तर तो गट वेगळा दाखवणार? बऱ्याच ठिकाणी ही मर्यादा तीनची असते. त्याहून कमी उत्तरं आली तर तो गट दुसऱ्या गटात मिसळतात किंवा दाखवतच नाहीत. तुम्ही चौघं आहात, म्हणजे एकाने भरलं नाही तरी तिघं उरता. दोघांनी टाळलं तर प्रश्न येतो. हेही विचारा की लिहिणाऱ्याचं नाव त्याला दिसणार नाही, पण व्यवस्थेत ते कोणाला दिसू शकतं? ‘नाव गुप्त’ म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळलेल्या असतात. नाव कुठेच नोंदलेलं नसणं ही एक आणि नाव नोंदलेलं आहे पण उघड करणार नाहीत ही दुसरी. ईमेलवर आलेल्या तुमच्या स्वतःच्या लिंकवरून भरलेला फॉर्म बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतो.

पगाराशी संबंध असेल तर तुमचा मजकूर बदलायचं कारण नाही, पण वजन बदलतं. सुधारणेसाठीच्या फॉर्ममध्ये एक छोटी सवय लिहिली तर ती छोटीच राहते. बढतीच्या टेबलावर तीच गोष्ट एकटी उचलली जाऊ शकते. म्हणून तिथे ती किती वेळा घडली आणि परिणाम किती झाला हे जास्त काटेकोरपणे लिहा. आणि गोष्ट छळाची, फसवणुकीची किंवा कोणाच्या सुरक्षिततेची असेल तर ती या फॉर्ममध्ये लिहायचीच नाही. तिच्यासाठी तक्रारीचा वेगळा मार्ग असतो. तुमचं प्रकरण तसं नाही.

फॉर्म उघडायच्या आधी एक कागद घ्या. गेल्या सहा महिन्यांत, किंवा फॉर्ममध्ये जो काळ दिलाय त्यात, असं नेमकं कधी घडलं ते आठवून लिहा. मेल आणि कॅलेंडर चाळलंत तर स्मरणापेक्षा खरं हाती लागेल, कारण मागच्या महिन्यातलं मनात मोठं होऊन बसतं आणि चार महिन्यांपूर्वीचं पुसलं जातं. मी हे करायला सांगते तेव्हा निम्म्या लोकांना आश्चर्य वाटतं. ‘नेहमी करतो’ असं वाटत असतं आणि कागदावर दोनच प्रसंग येतात. कधी उलटही होतं, किरकोळ वाटत होतं आणि प्रसंग सात निघतात. दोन आणि सात यांत तुमचं वाक्य बदलायला हवं.

समजा, तुमच्या कागदावर तीन प्रसंग आले. एकदा शुक्रवारी द्यायचा रिपोर्ट होता. बुधवारी विचारलं तर “चालू आहे” म्हणाला, शुक्रवारी दुपारी बारा वाजता सांगितलं की अजून दोन दिवस लागतील. तुम्ही दोघं रात्री नऊपर्यंत बसलात आणि अर्धाच रिपोर्ट पाठवलात. दुसऱ्यांदा कच्ची माहिती दुसऱ्या टीमकडून आलीच नव्हती. त्याला ते चार दिवस माहीत होतं, तुम्हाला आदल्या संध्याकाळी कळलं. तिसरा प्रसंगही याच धर्तीचा, पण त्यात नुकसान फारसं झालं नाही.

आता त्याच कागदावर उलटा प्रसंगही शोधा, म्हणजे त्याने वेळेत सांगितलं असं कधी झालं का. बहुतेक वेळा एखादा सापडतो. समजा सापडला. एका कामात त्याने तीन दिवस आधीच सांगितलं की शेवटचा भाग होणार नाही, तुम्ही तो भाग दुसऱ्याकडे दिलात आणि काम शांतपणे वेळेत गेलं. हा प्रसंग मला बाकीच्या तिन्हींपेक्षा मोलाचा वाटतो. हा माणूस हे करू शकतो, केलंय आणि त्याने फरक पडला, हे त्यातून दिसतं. ‘असं करू नकोस’ यापेक्षा ‘त्या वेळी केलंस तसं कर’ हे उचलायला सोपं जातं.

मग लिहा. पहिला खर्डा बहुधा असा उतरेल:

> ‘कामात चांगला आहे, पण अडचणी लपवतो. शेवटच्या क्षणी सांगतो, त्यामुळे नेहमी सगळ्यांना त्रास होतो. इतरांच्या वेळेची किंमत नाही. जबाबदारीने वागायला हवं.’

यात खरी माहिती ‘शेवटच्या क्षणी सांगतो’ एवढीच आहे. ‘लपवतो’ हा हेतू झाला. तो तुम्हाला दिसलेला नाही, तुम्ही जोडलाय. ‘किंमत नाही’ हाही तसाच. ‘नेहमी’ खोटं आहे, कारण उलटा प्रसंग तुमच्याच कागदावर आहे आणि तो त्यालाही आठवणार. वाचणारा असा एक शब्द पकडतो आणि त्याच्या जोरावर सगळी कमेंट मोडीत काढतो. “नेहमी? मागच्या वेळी तीन दिवस आधी सांगितलं होतं!” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता रिपोर्टमध्ये ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ दिसले की पुढचं संभाषण कुठे जाणार ते मला आधीच कळतं.

हे पाहून घाबरलात की दुसरा खर्डा असा होतो:

> ‘तसा खूप चांगला सहकारी आहे. कामाचा दर्जा उत्तम. फक्त कधीकधी थोडं लवकर अपडेट दिले तर आणखी छान होईल.’

‘तसा’ या शब्दाने कौतुक आधीच पातळ झालंय, मराठी माणसाला ‘तसा चांगला आहे’ म्हटलं की पुढचा ‘पण’ न लिहिताही ऐकू येतो. आणि ‘आणखी छान होईल’ म्हणजे आत्ता छानच चाललंय. रात्री नऊपर्यंत बसलेली दोन माणसं या वाक्यात कुठे आहेत? तो हे वाचेल, बरं वाटून घेईल आणि पान उलटेल.

मी तुमच्या जागी असते तर असं काहीसं लिहिलं असतं:

> ‘काम ठरल्या वेळेत होणार नाही असं दिसत असतं, तेव्हा ते आम्हाला बऱ्याचदा शेवटच्या दिवशी कळतं. या सहा महिन्यांत मला असे तीन प्रसंग आठवतात. मध्ये विचारलं तर “चालू आहे” असं उत्तर मिळतं, त्यावरून काम अडलंय की नाही ते कळत नाही. उशीर कळेपर्यंत काम वाटून घ्यायला किंवा तारीख पुढे मागायला वेळ उरलेला नसतो. एकदा त्यामुळे पुढच्या टप्प्याच्या लोकांना रात्री उशिरापर्यंत थांबून काम अर्धंच पाठवावं लागलं. याउलट एकदा त्याने तीन दिवस आधी सांगितलं की एक भाग होणार नाही, तेव्हा तो भाग दुसऱ्याकडे देता आला आणि काम वेळेत गेलं. उशीर नक्की ठरायची वाट न बघता, शंका आली त्याच दिवशी “हे कदाचित अडेल” एवढं कळवलं, तरी आम्हाला पुरेल.’

यात एकही कडू विशेषण नाही आणि गोडही नाही. तरी ही कमेंट सौम्य नाही, ‘अर्धंच पाठवावं लागलं’ हे वाचताना त्याला बोचेल. बोचू द्या, ते घडलेलं आहे. यातलं “चालू आहे” हे त्याचे स्वतःचे शब्द आहेत, त्यामुळे आपण ते म्हणतो हे त्याला क्षणात ओळखू येईल. माझ्या अनुभवात कमेंट पटते ती बहुतेक अशाच जागी. आणि शेवटची विनंती मुद्दाम छोटी ठेवलीय. ‘रोज स्टेटस पाठव’ अशी मागणी केली असती तर तुम्ही त्याच्यावर नवं काम लादलं असतं. ‘शंका आली त्याच दिवशी एक ओळ’ हे उद्यापासून करता येतं आणि केलं की नाही हे दोघांनाही कळतं.

या कमेंटमध्ये तो असं का करतो हे लिहिलेलं नाही, तेही मुद्दाम. मोह खूप होतो. ‘कमीपणा वाटतो म्हणून सांगत नसावा’, ‘आत्मविश्वास कमी आहे’ असं लोक सहज लिहितात, आणि त्यांना ते समजूतदारपणाचं वाटतं. पण कारण तुम्हाला माहीत नाही. मघाशी सांगितलं त्या माणसाशी मी दुसऱ्या वर्षी बराच वेळ बोलले तेव्हा कारण निघालं ते वेगळंच. दोनेक वर्षांपूर्वी त्याने एक अडचण आठवडाभर आधी मांडली होती आणि भर मीटिंगमध्ये त्याला ऐकवलं गेलं, “मग इतके दिवस काय करत होतास?” तेव्हापासून सगळं नक्की झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं त्याने ठरवून टाकलं होतं. ऐकवणाऱ्याला तो प्रसंग आठवतही नव्हता. आत्मविश्वास वगैरे लिहिणाऱ्यांनी त्याला आणखी बंद केलं असतं.

शिवाय माणसाचं लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की फीडबॅक उलटा पडू शकतो. क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरच्या शेकडो निष्कर्षांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी पाहता फीडबॅकमुळे काम सुधारलं होतं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ते आधीपेक्षा बिघडलं होतं. त्यांनी मांडलेलं स्पष्टीकरण मी रोज समोर बघते. ‘शुक्रवारी बाराला कळलं’ असं वाचणारा शुक्रवारचा विचार करतो. ‘बेजबाबदार’ असं वाचणारा आपण कसे आहोत याचा विचार करत बसतो, आणि तिथून कामाकडे परत यायला फार वेळ लागतो.

कौतुकाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते याच प्रश्नाचा भाग आहे. फॉर्ममध्ये बहुधा ‘काय चालू ठेवावं’ अशी वेगळी चौकट असते. तिथे उशी म्हणून काही लिहू नका. दोन गोड वाक्यांच्या मध्ये टीका ठेवायची पद्धत सगळ्यांना इतकी पाठ झालीय की गोड वाक्य आलं की वाचणारा पुढच्या फटक्यासाठी अंग आवळतो आणि खरं कौतुकही फुकट जातं. कौतुकालाही टीकेचाच नियम लावा, काय पाहिलं आणि त्याने काय झालं. ‘कामाचा दर्जा उत्तम’ याऐवजी असं लिहिता येईल: ‘तो आकडे देतो तेव्हा ते मूळ नोंदींशी ताडून पाहिलेले असतात, त्यामुळे आम्ही ते पुन्हा तपासत नाही.’ हे लिहायला हवं, कारण न सांगितल्यास तो ते सोडूनही देऊ शकतो. लवकर सांगायचा प्रयत्न करताना तो घाईने कच्चे आकडे द्यायला लागला, तर तुमचं दुहेरी नुकसान होईल. काय बदलू नये हे सांगणं हा कौतुकाचा मोठा उपयोग आहे.

आता चौघांमधली गुप्तता. खरं सांगायचं तर पूर्ण गुप्तता तुम्हाला मिळणार नाही, हे धरूनच लिहा. मात्र ओळख पटवणारा तपशील आणि उपयोगी तपशील हे वेगळे करता येतात. वरच्या कमेंटमध्ये मी तारीख, प्रोजेक्टचं नाव आणि रिपोर्ट कोणाला जायचा होता ते गाळलंय. ‘मी नऊपर्यंत बसलो’ याचं ‘पुढच्या टप्प्याच्या लोकांना थांबावं लागलं’ केलंय. ‘तीन दिवस आधी’, ‘शेवटच्या दिवशी’, “चालू आहे” हे मात्र ठेवलंय, कारण कमेंटचा जीव त्यात आहे आणि ते चौघांनीही अनुभवलंय. तुमची स्वतःची एखादी लकब असेल, ठरावीक शब्द, तीन टिंबं, मध्येच एखादी म्हण, तर ती काढा. माणसं मुद्द्यापेक्षा लकबीवरून लवकर ओळखू येतात. आणि जो प्रसंग फक्त तुम्हा दोघांत घडलाय तो फॉर्ममध्ये घालूच नका. तो त्याला समोर बसूनच सांगण्यासारखा आहे.

त्यावरून एक प्रश्न तुम्हाला विचारावासा वाटतो. हे तुम्ही त्याला तोंडी कधी सांगितलंय का? नसेल, तर फॉर्म बंद व्हायच्या आधी सांगा. मोठी बैठक नको, कामाच्याच ओघात म्हणा, “त्या शुक्रवारचं मला बुधवारी कळलं असतं तर बरं झालं असतं, पुढच्या वेळी शंका आली की लगेच सांगशील का?” तो काय म्हणतो ते ऐका. कदाचित तुम्हाला कारण कळेल, कदाचित लिहायचं वाक्यच बदलेल. सहा महिने शेजारी बसून एक अक्षर बोललं नाही आणि मग गुप्त फॉर्ममध्ये लिहिलं, हे कळल्यावर माणूस मजकुरापेक्षा त्यानेच जास्त दुखावतो. आधी बोललेलं असेल तर ती कमेंट त्याला नवी नसते, आणि ओळखली गेली तरी तुम्हाला लपायची गरज पडत नाही.

आकड्यांचं थोडक्यात सांगते. ‘अडचणी वेळेत कळवतो’ अशासारख्या विधानाला पाचपैकी दोनच द्यावेसे वाटत असतील तर दोन द्या आणि ‘काम अचूक असतं’ याला पाच द्यावेसे वाटत असतील तर पाच द्या. सगळीकडे चार देऊन मोकळं होणं हेच जास्त घडतं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं की लष्करी अधिकाऱ्यांना गुण देताना वरिष्ठांच्या मनात माणसाबद्दल एकंदर जे मत असतं तेच बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व अशा सगळ्या रकान्यांत उतरतं. तुमच्या बाबतीत ‘माणूस चांगला आहे’ हे मत असंच सगळीकडे पसरू शकतं. जे पाहिलं नाही तिथे अंदाजाने तीन देण्यापेक्षा ‘सांगता येत नाही’ निवडा, कारण तुमचा अंदाज सरासरीत मिसळला की तो अंदाज होता हे कोणालाच कळत नाही. आणि आकडा आणि कमेंट जुळू द्या. पाचपैकी चार देऊन खाली तीन प्रसंगांची तक्रार लिहिली, तर तो आकडाच खरा मानेल. मीही त्याच्या जागी तेच केलं असतं.

लिहून झालं की एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी मोठ्याने वाचा, तो समोरच्या खुर्चीत बसलाय असं समजून. जिथे तुमचा आवाज चढतो तिथे बहुधा एखादा हेतू किंवा विशेषण शिल्लक असतं. जिथे तुम्ही वाक्य पुटपुटत उरकता तिथे ‘थोडंसं’ आणि ‘कदाचित’ची गर्दी असते. या दोन जागा दुरुस्त केल्यात की पुरे. सहा-सात वाक्यांपेक्षा जास्त होत असेल तर दुसरा मुद्दा काढून टाका. चौघांनी प्रत्येकी चार उणिवा लिहिल्या तर त्याच्या हातात सोळा पडतात आणि तो एकीवरही काम करत नाही.

रिपोर्ट मिळाल्यावर तो विचारू शकतो, “ते तू लिहिलंस का?” तेव्हा खोटं बोलू नका, पण बाकी तिघांचं कोडंही सोडवून देऊ नका. “कोणी काय लिहिलं यात मी जात नाही. पण त्यातलं वेळेत कळवण्याचं माझंही मत आहे, ते मी तुला बोललोही होतो,” असं म्हणता येतं. इथे आधी बोललेलं असणं कामी येतं.

आणि नंतर एखाद्या मंगळवारी तो खरोखर येऊन म्हणेल, “गुरुवारचं बहुतेक अडेल.” त्या वेळी तुम्ही कामात असाल, वैतागलेलेही असाल. तोंडात “आत्ता सांगतोयस?” येईल. ते गिळा आणि विचारा, “बरं, त्यातलं गुरुवारपर्यंत काय होईल?”